ही रेघ कशाची?

पूर्वपरीक्षेच्या गठ्ठ्यातल्या एका पेपरावर मी आणि आमच्या शाळेतले ज्येष्ठ सर पाऊण तास भांडलो. भांडण दीड गुणाचं होतं. सरांनी चारपैकी दोन दिले होते, माझ्या हिशेबाने साडेतीन होत होते. मुलाचं नाव कुणालाच बघायचं नव्हतं, पान मात्र दोघांनी इतक्यांदा फिरवून पाहिलं की त्याचा कोपरा दुमडला.

बोर्डाच्या पेपरांबद्दल परीक्षकाने बाहेर बोलायचं नसतं, म्हणून शाळेतल्याच परीक्षेचं सांगते. दहावीचं बीजगणित, चाळीस गुण, दोन तास. प्रश्न चौथा, चार गुणांचा. एका आयताकृती बागेची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त आहे, क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर आहे, तर लांबी व रुंदी काढा. वर्गसमीकरणाचं अगदी साधं शाब्दिक उदाहरण. आम्ही ठरवलेली गुणविभागणीही साधी होती: समीकरण मांडलं की एक, अवयव पाडले की एक, दोन्ही किंमती काढून ऋण किंमत का घ्यायची नाही ते सांगितलं की एक, आणि लांबी-रुंदी एककासह लिहिली की शेवटचा एक.

आता ते पान. सगळ्यात वर लिहिलेलं: रुंदी = x मानू, लांबी = x + ५. त्याखाली २(x + x + ५) = ८४. म्हणजे पोराने क्षेत्रफळाच्या जागी परिमिती घेतली. पुढे ४x + १० = ८४, आणि x = १८.५. इथे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण या सगळ्यावर वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत एक तिरकी रेघ होती. त्याखाली x(x + ५) = ८४, मग x² + ५x − ८४ = ०. त्यानंतर एकदम x = ७. शेवटी चौकटीत ‘रुंदी ७ मी., लांबी ७ + ५ = १२ मी.’ आणि चौकटीच्या वर, पानाच्या मधल्या भागात, कुठेही न खोडलेलं सूत्राचं काम: b² − ४ac = २५ − ४ × १ × (−८४) = २५ − ३३६ = −३११. त्यापुढे x = वगैरे लिहून वर्गमूळाचं लांबलचक चिन्ह, त्यात −३११, आणि तिथे काम थांबलेलं. उजवीकडे अरुंद पट्टी, तिच्या डोक्यावर ‘रफ’. पट्टीत ८४ च्या जोड्या: १ × ८४, २ × ४२, ३ × २८, ४ × २१, ६ × १४, ७ × १२. शेवटच्या जोडीभोवती गोल. खाली (x + १२)(x − ७) = ०, त्याखाली x = ७, आणि x = −१२, ज्याच्यावर एक फुली. या पट्टीतून डावीकडच्या x = ७ कडे एक बाण.

सरांचा मुद्दा सरळ होता. “बाई, रफ ते रफ. त्याला गुण द्यायचे तर मग मुख्य पान कशाला?” समीकरणाचा एक, चौकटीतल्या उत्तराचा एक. मधलं काम पानावर नाहीच. शिवाय सूत्राची रीत न खोडता तशीच पडलेली. दोन रीती, दोन्ही उभ्या, म्हणजे पोराचे पाय दोन दगडांवर.

माझं म्हणणं असं की हे पान वरून खाली वाचून समजणारच नाही. गर्दीचं पान ज्या क्रमाने भरलं गेलं त्या क्रमाने वाचावं लागतं, आणि तो क्रम कागदावर सापडतो. नंतर लिहिलेलं अक्षर आधीच्या अक्षराला वळसा घालतं. उलटं कधी होत नाही, कारण जे अजून लिहिलेलंच नाही त्याच्यासाठी कुणी जागा सोडत नाही. या पानावर रफच्या पट्टीत पहिल्या तीन जोड्या एकाखाली एक सरळ होत्या. ४ × २१ मात्र बोटभर उजवीकडे सरकली होती, आणि तिच्या खालच्या दोघीही. का सरकली? कारण डावीकडून आलेल्या वर्गमूळाच्या चिन्हाची आडवी दांडी तिथे पट्टीत घुसली होती. म्हणजे वर्गमूळ आधीपासून तिथे होतं आणि जोड्या नंतर आल्या. पोराने आधी सूत्र लावून पाहिलं, ऋण संख्येच्या वर्गमूळाशी अडकला, ते सोडून दिलं, बाजूला अवयव शोधायला बसला, ते सापडले, आणि मग चौकट आली. चौकट हेच त्याचं शेवटचं म्हणणं. जोड्या सरळ असत्या आणि वर्गमूळाची दांडी त्यांच्यापाशी येऊन आखडलेली असती, तर अर्थ उलटा झाला असता: उत्तर काढल्यावर त्याला शंका आली, सूत्राने पडताळायला गेला आणि गोंधळला. तेव्हा मी कदाचित सरांच्या बाजूला गेले असते.

हा वळशाचा पुरावा मला फार भरवशाचा वाटतो. शाईचा रंग फसवतो, कारण मुलं मध्येच पेन बदलतात आणि पुन्हा पहिलं घेतात. अक्षराच्या घाईवरून अंदाज बांधणंही धोक्याचं, काही मुलं पहिल्या ओळीपासूनच घाईत असतात. कागदाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवलं तर कुठे जोर देऊन लिहिलंय ते कळतं, पण जोर म्हणजे क्रम नव्हे. पडद्यावर स्कॅन केलेले पेपर तपासणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीची तक्रार हीच आहे की मागची बाजू हाताला लागत नाही आणि पेन्सिलीचं फिकट काम कधीकधी दिसतच नाही. तिलाही मी वळसे बघायला सांगितलं. ते स्कॅनमध्येही दिसतात.

मग रफचं काय? रफच्या पट्टीला मीही एरवी गुण देत नाही. तिथे गुणाकार असतात, भागाकार असतात, कुणाकुणाचं इतिहासाच्या पेपराचं वेळापत्रकही असतं. पण त्या पट्टीतून बाण काढून मूल आपल्याला तिकडे बोलावतं, तेव्हा त्याने ती पट्टी उत्तरात ओढून घेतलेली असते. x² + ५x − ८४ = ० आणि x = ७ यांच्या मध्ये रिकामी जागा होती आणि त्या जागेत नेमका बाण येऊन टेकत होता. ‘हे काम तिकडे केलंय, बघून घ्या’ असं सांगायची दहावीतल्या मुलाची हीच भाषा. बाण नसता, आणि अवयव पट्टीत एका कोपऱ्यात नुसते पडलेले असते, तर मी तो गुण दिला नसता. सरांना हा भेद पटकन पटला नाही. त्यांचं म्हणणं, बाण काढायला वेळ होता तर तीच ओळ उतरवायला का नव्हता? प्रश्न चुकीचा नाही. पण शेवटच्या दहा मिनिटांत आपण काय काय केलं असतं, हे स्टाफरूममध्ये चहा पीत सांगणं सोपं असतं.

इथपर्यंत दोन गुणांचे तीन झाले. राहिला अर्धा, आणि तो अडकला होता त्या फुलीत.

गणिताच्या पानावर रेघ मारली म्हणजे खोडलं, असं नसतं. बाकी विषयांत असेल. गणितात रेघ हे कामाचं हत्यार आहे. वजाबाकीत ८४ मधून ३७ घालवताना मूल ८ वर रेघ मारतं आणि डोक्यावर ७ लिहितं. तिथे ८ चुकलेला नसतो. अपूर्णांकात अंश आणि छेद दोन्हीकडचे सात कट करतात, मुलं ‘कट केलं’ असंच म्हणतात. तीही रेघ पायरीच असते. आणि वर्गसमीकरणात ऋण किंमत टाकून देताना बरीच मुलं तिच्यावर फुली मारतात. रुंदी ऋण असू शकत नाही, म्हणून ही नको. ही फुली म्हणजे एक वाक्य आहे, फक्त शब्दांत लिहिलेलं नाही. नवखा परीक्षक काय करतो? x = −१२ वर फुली दिसली की ‘दुसरी किंमत खोडली, एकच काढली’ असं धरतो आणि गुण कापतो.

ओळखायचं कसं? चूक खोडणारी रेघ सहसा ओळभर जाते, अनेकदा दोनतीनदा गिरवलेली असते, आणि तिच्या खाली किंवा शेजारी त्याच जागी दुसरं काही येतं. कामाची रेघ एकाच अंकावर किंवा एकाच किंमतीवर असते, छोटी असते, आणि पुढची पायरी तिच्यामुळेच शक्य होते. माझी कसोटी ही: रेघेखालचं खरं मानून पुढची ओळ वाचायची. जुळली, तर रेघ कामाची. न जुळली, तर खोडलेलं. −१२ ही खरीच किंमत आहे, समीकरणात घालून पाहा, १४४ − ६० − ८४ शून्यच येतं. आणि पुढे उत्तरात फक्त ७ घेतलेत. म्हणजे किंमत चुकली म्हणून खोडलेली नाही, काढून झाल्यावर नाकारलेली आहे. कारण मात्र शब्दांत लिहिलेलं नव्हतं, आणि गुणविभागणीत कारण मागितलेलं होतं. म्हणून तिथे मी एकाचा अर्धा केला. सर म्हणाले, “फुलीला अर्धा गुण!” मी म्हटलं, “फुली कुठे मारायची ते त्याला कळलं, त्याचा अर्धा.”

वरच्या तिरक्या रेघेचाही एक पेच होता, तो सरांनीच दाखवला. ती रेघ वरच्या कोपऱ्यापासून सुरू झालेली, म्हणजे ‘रुंदी = x मानू, लांबी = x + ५’ ही पहिली ओळही तिच्याखाली गेली. परिमितीबरोबर चलाची ओळही खोडली गेली, आणि पुन्हा ती कुठेच लिहिली नाही. काटेकोर वाचलं तर दुसऱ्या प्रयत्नात x म्हणजे काय हेच सांगितलेलं नाही. पण चौकटीत त्याने ‘लांबी ७ + ५’ लिहिलं होतं, x म्हणजे रुंदी हे तिथे उघड होतं. मुलं एखादा भाग खोडताना पट्टीने मोजून खोडत नाहीत, रेघ सपासप ओढतात. तिथे गुण कापायचा नाही यावर दोघांचं एकमत झालं. पाऊण तासातलं ते पहिलं.

खोडलेल्याचा मान ठेवायचा की नाही, यावर जगातही एकमत नाही. माझी मामेबहीण इंग्लंडमध्ये गणित शिकवते. तिने सांगितलं की एडेक्सेल या तिथल्या परीक्षा मंडळाच्या परीक्षकांसाठीच्या सर्वसाधारण सूचनांत खोडलेलं काम तपासा असंच आहे, फक्त त्याच्या बदल्यात विद्यार्थ्याने दुसरं उत्तर लिहिलेलं नसलं पाहिजे. आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या गणितात उलट. तिथे रेघ मारलेल्या कामाला गुण द्यायचे नाहीत, विद्यार्थ्याने स्वतः ‘हे तपासा’ असं स्पष्ट लिहिलं असेल तरच द्यायचे. मला पहिला नियम जवळचा वाटतो. खोडून पुढे कोरं सोडणारं मूल बहुतेकदा वेळ संपत आल्यावर धीर सोडतं, आणि खाली निम्मं काम बरोबर असतं. पण बदली उत्तर लिहिलं असेल तर तेच तपासायचं, मग खोडलेलं कितीही बरोबर असो. हे जिवावर येतं. त्याच गठ्ठ्यात एका मुलीने दोन चलांच्या समीकरणात बरोबर उत्तर काढून ते खोडलं होतं आणि खाली चिन्हाची चूक करून नवं लिहिलं होतं. लाल पेन हातात घेऊन मी त्या खोडलेल्या ओळींकडे बघत बसले. पण बरोबर दिसतंय म्हणून मी ते उचललं असतं, तर तिने काय लिहिलं यापेक्षा मला काय हवंय त्याला गुण दिल्यासारखं झालं असतं. आणि मग दोन न खोडलेली उत्तरं लिहून ठेवणाऱ्या मुलाला ‘यातलं बरोबर ते तुम्ही घ्या’ म्हणायचा हक्कच मिळतो.

याच पेपरातला पहिला प्रश्न मात्र या सगळ्यावर पाणी ओततो. बहुपर्यायी प्रश्नात फक्त पहिल्या प्रयत्नाचंच मूल्यमापन होईल अशी सूचना प्रश्नपत्रिकेवरच छापलेली असते. म्हणजे मुलाने आधी ‘बी’ लिहिलं, खोडलं, शेजारी ‘डी’ लिहिलं, तर तपासायचं ‘बी’. चौथ्या प्रश्नात शेवटचं म्हणणं शोधायला मी पान उजेडात धरते, आणि पहिल्या प्रश्नात त्याच पोराच्या पहिल्या म्हणण्यासाठी खोडलेल्याच्या खाली डोळे घालते. नियमाचं कारण समजतं, चार पर्यायांत एकदा हे, एकदा ते करायला वाव नको. पण मुलांना हे वर्गात समजावताना माझी तारांबळ उडते. सगळ्यात वाईट म्हणजे अक्षर न खोडता त्यावरच गिरवलेलं, बी चा डी केलेला. बी ला पोटात दोन गोल आणि डी ला एकच, म्हणून गिरवलेल्या अक्षराची कमरेची आडवी रेघ शोधायची. ती सापडली तर खाली बी होता. नाही सापडली तर निमूटपणे डी धरायचा.

आणि भूमितीत तर ‘कच्चं’ या शब्दाचाच अर्थ बदलतो. रचनेच्या प्रश्नात कच्ची आकृती काढायला आपणच शिकवतो, ती हाताने काढलेली, वेडीवाकडी, पण मापं लिहिलेली. ती रफ नव्हे, उत्तराचाच भाग. दरवर्षी कुणीतरी तिच्यावर ‘रफ’ लिहून एक रेघ मारून ठेवतं, घरी नीटनेटकं राहायला शिकवलेलं असावं.

माझी स्वतःची पद्धत आता अशी झाली आहे की गर्दीच्या पानावर पहिल्यांदा नजर टाकताना पेन टेबलावर ठेवायचं. हातात लाल पेन असलं की हात पहिल्याच ओळीवर बरोबरची खूण करायला धावतो, आणि ती ओळ खोडलेल्यातली निघाली तर आता पानावर आपलीही एक खाडाखोड. म्हणून आधी नुसतं बघायचं, चौकट किंवा ‘उत्तर’ किंवा ∴ कुठे आहे ते शोधायचं, आणि तिथून उलट दिशेने वर चढायचं: हे कुठून आलं, ते कुठून आलं. ७ कुठून आले? बाणावरून. बाण कुठून? अवयवांपासून. अवयव कशाचे? समीकरणाचे. जिथे साखळी तुटते तिथे आधी पुढची पानं आणि पुरवणी उलटून पाहायची, कारण अर्धं सोडलेलं उदाहरण मुलं पेपराच्या शेवटी पूर्ण करतात आणि तसं लिहायला विसरतात. नंतरच पेन. खूण ओळीच्या शेवटी, गुण समासात, आणि जे खोडलेलं म्हणून सोडलं त्याच्या शेजारी बारीक ‘रद्द’. हे ‘रद्द’ मी तपासलेले पेपर पुन्हा बघणाऱ्या नियामकांसाठी लिहिते. नाहीतर त्यांना वाटतं की हा भाग माझ्या नजरेतूनच सुटला, आणि ते तो पुन्हा तपासायला घेतात.

एवढं करूनही काही पानं सुटत नाहीत. दोन पूर्ण उत्तरं, दोन्ही न खोडलेली, वळसा कुठेच नाही, कारण पोराने दोन्हीसाठी ऐसपैस जागा घेतलेली. अशा वेळी मी खालचं धरते. त्यात न्याय किती आणि सवय किती, ते सांगता येणार नाही.

सर शेवटी साडेतीनवर आले. पूर्ण पटून नव्हे, मधली सुट्टी संपली म्हणून.

पेपर वाटले त्या दिवशी त्या मुलाला मी टेबलाजवळ बोलावलं. परिमिती एवढी जोरात खोडलीस, मग सूत्राचं का नाही खोडलंस, असं विचारलं. तो पानाकडे बघत म्हणाला, “बाई, परिमितीची चूक सापडली होती. ह्याची सापडलीच नाही. मग खोडू कसं?”

मी −४ × १ × (−८४) वर बोट ठेवलं. काही बोलले नाही. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, खिशातून पेन काढलं आणि उभ्या उभ्या २५ + ३३६ = ३६१ लिहिलं, खाली १९ चा वर्ग करून पाहिला. लिहिलं ते समासात, माझ्या लाल साडेतीनला अगदी चिकटून, जिथे आधीच जागा नव्हती.